धागा: त्याने लाइट्स केले होते. अभिनंदन कसं करू, म्हणजे नुसतं अभिनंदन वाटणार नाही?

आवाजी | शनिवार, रात्री ११:४०

आज पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेरीत आमच्या कॉलेजची एकांकिका झाली. भरत नाट्य मंदिरात मी आमच्या घोळक्यात होते, 'आव्वाज कुणाचा' ओरडून घसा पार बसलाय. पण मुद्दा वेगळा आहे. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, माझ्याहून एक वर्षाने मोठा, याने लाइट्स केले. मला तो गेल्या गणपतीपासून आवडतो. त्याला माहीत नाही. निदान माझ्या मते तरी नाही.

प्रयोग संपल्यावर सगळे नटांभोवती जमले. हा बाजूला वायरी गुंडाळत होता. मी जाऊन "भारी झालं" एवढंच म्हणाले, तो "थँक्स" म्हणाला आणि पुन्हा वायर गुंडाळायला लागला. आता मेसेज करायचा आहे. लिहून ठेवलाय, पाठवला नाही:

"दादा खूप भारी झालं!! लाइट्स म्हणजे कमाल, आग लावलीस 🔥🔥"

वाचून मलाच काही वाटत नाही. अभिनंदनही पोचावं आणि थोडं त्यापलीकडचंही पोचावं, पण मी गळ्यात पडतेय असं त्याला वाटू नये. निकाल चार दिवसांनी आहे. मदत करा.

थेटबोल | शनिवार, रात्री ११:५२

सरळ सांगतो, आज काहीच पाठवू नकोस. निकालाची वाट बघ. अंतिम फेरीच्या नऊ संघांत तुमचं नाव आलं की त्या रात्री सगळे हवेत असतात. त्या लाटेत लिही, "पार्टी कधी देतोस?" खुशीतला माणूस लगेच हो म्हणतो. मी असंच केलं होतं आणि जमलं होतं.

सदाशिवपेठी_काका | रविवार, सकाळी ६:१५

चि. आवाजी, अनेक आशीर्वाद. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत आपल्या कॉलेजचा तंत्रज्ञ चमकला हे वाचून आनंद झाला. सत्कारपत्राचा मजकूर असा करावा: "आपण प्रकाशयोजनेची धुरा समर्थपणे सांभाळून कॉलेजचा लौकिक वाढविल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. आपल्या उत्तरोत्तर प्रगतीस शुभेच्छा." खाली प्राचार्य व विद्यार्थी प्रतिनिधी अशा दोन सह्या घ्याव्यात. शाल मात्र आधी आणून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

आवाजी | रविवार, सकाळी ८:०५

काका, खूप धन्यवाद, पण सत्कार नाहीये. मला तो आवडतो, म्हणून लिहायचं आहे. 🙈

विंगेतली | रविवार, सकाळी ९:३०

मी कॉलेजात असताना आणि नंतरही बरीच वर्षं स्पर्धेच्या एकांकिकांचे लाइट्स केले आहेत. त्या वायरी गुंडाळणाऱ्याच्या बाजूने सांगते.

लाइटवाल्याला "लाइट्स भारी" हे वाक्य सगळेच म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला नेमकं काय भारी होतं ते सांगता येत नाही, हे त्याला कळत असतं. उजेड चांगला पडला की तो दिसतच नाही, लोकांना नट दिसतात. त्यामुळे एकाही माणसाने "अमुक वेळी तू अमुक केलंस" असं म्हटलं, तर ते तो महिनाभर विसरत नाही. तुला वेगळं काही करायचं नाहीये. तुला काय दिसलं ते आठवायचं आहे. प्रयोगातली अशी एक जागा सांग जिथे तुझं लक्ष नटाऐवजी उजेडाकडे गेलं. नसेल आठवत तर तसं सांग, बनवून लिहू नकोस.

आणि एक आधी स्पष्ट करून घे. लाइट्स 'त्याने केले' म्हणजे काय? प्रकाशयोजना त्याची होती, की दुसऱ्या कुणी आखलेली होती आणि हा फक्त ऑपरेट करत होता? हे दोन वेगळे मान आहेत.

मैदानावर | रविवार, सकाळी १०:१२

विंगेतली म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, माझी गोष्ट ऐका. आमच्याकडे सांगली बाजूला आंतरमहाविद्यालयीन कबड्डी. मला आवडणारी मुलगी डाव्या कोपऱ्यात खेळायची. मॅच जिंकल्यावर मी लांबून बघून मेसेज टाकला, "काय चढाया केल्यास, जबरदस्त!" तिचं उत्तर आलं, "मी चढाईला गेलेच नव्हते."

खरं म्हणजे त्या मॅचमध्ये तिने एकच गोष्ट केली होती. त्यांच्या तीनच मुली आत उरल्या होत्या, समोरची सगळ्यात तगडी चढाईपटू आली, बोनसच्या नादात पाय पुढे टाकला आणि हिने घोटा धरला. तीन किंवा कमी जणी आत असताना पकड झाली की सुपर टॅकलचा एक गुण जास्त मिळतो, मॅच तिथेच फिरली. तीन जणी असताना बोनस मिळतच नाही, त्यामुळे समोरचीची चूक आणि हिचा डोळा, दोन्ही त्यात होतं. मी ते बघितलं होतं! पण लिहिताना मी सगळे लिहितात ते लिहिलं. पुढे आमचं काही झालं नाही. आज लिहायचं असतं तर एवढंच लिहिलं असतं: "तिने पाय टाकला तेव्हा तुझी नजर आधीच तिथे होती."

आवाजी | रविवार, सकाळी ११:२०

मैदानावर, वाचून वाईट वाटलं. ते शेवटचं वाक्य फार छान आहे.

ताई, आठवून लिहितेय. दोन जागा आहेत.

एक, शेवट. आई एकटी बसलेली असते, मांडीवर मुलाचा शर्ट. उजेड कमी होत गेला हे मला कळलंच नाही. एकदम लक्षात आलं की आता चेहरा दिसत नाहीये, फक्त हात दिसताहेत. हातांवरचा उजेड तांबूस होता, आधी तसा नव्हता. मग काळोख.

दोन, मधला भाकरीचा प्रवेश. मोठी बहीण बोलता बोलता थांबते, ती डावीकडे थांबली आणि तिचा चेहरा अंधारात होता. दोन सेकंद असतील. मग हळूच तिथे उजेड आला. मला वाटलं तसंच बसवलंय. पण तालमीत ती मध्यभागी थांबायची, ते मी पाहिलंय.

योजना त्याची की नाही, माहीत नाही. ग्रुपवर कुणाला विचारलं तर लगेच चर्चा होईल.

विंगेतली | रविवार, दुपारी १२:४५

अगं, तुझा डोळा चांगला आहे.

पहिल्या जागेचं सांगते. तांबूस झाला म्हणजे हॅलोजनचे दिवे असणार. डिमरवर ते खाली आणत गेलं की उजेड नुसता कमी होत नाही, पिवळट आणि मग तांबूस होत जातो. एलईडीचं तसं होत नाही. तुला कमी होताना कळलं नाही, म्हणजे त्याने दांडी फार सावकाश खाली आणली. तीस-चाळीस सेकंद हात एकसारखा ठेवणं सोपं नसतं. आई रोज सारखाच वेळ बसत नाही. ती कधी लवकर मान खाली घालते, कधी उशिरा. म्हणजे हा घड्याळाकडे बघून करत नव्हता, तिच्या श्वासाकडे बघून करत होता. असा हळू फेड कागदावर कुणी का आखलेला असेना, हात त्याचाच होता. त्यामुळे योजना कुणाची हे माहीत नसलं तरी याची दाद त्याला बिनधास्त देता येते.

दुसरी जागा मला जास्त आवडली. स्पर्धेत एका संध्याकाळी ओळीने तीन एकांकिका असतात. प्रत्येक संघासाठी सगळे दिवे नव्याने फोकस करायला कुठला वेळ असायला? दिवा जिथे लावलाय तिथेच पडतो, नटाने उजेडात येऊन उभं राहायचं असतं. बहीण चुकून डावीकडे थांबली असेल, तर त्याने शेजारचा, त्या प्रवेशात नसलेला दिवा अंदाजाने वर आणला. क्यूशीटवर नसलेली गोष्ट, काळोखात, दोन सेकंदांत. हे खरं असेल तर त्या रात्रीचं सगळ्यात मोठं काम तेच. आणि ते नटीशिवाय कुणालाच माहीत नसणार, कदाचित तिलाही नसेल.

पण 'असेल'. ऐनवेळी बदललंही असू शकतं. म्हणून ते सांगायचं नाही, विचारायचं.

थेटबोल | रविवार, दुपारी १:०५

बरोबर, आणि थोडी चेष्टापण टाक. "दोन सेकंद अंधारात ठेवलंस बिचारीला, झोप लागली होती का?" मुलांना असं खेचलेलं आवडतं.

विंगेतली | रविवार, दुपारी १:२०

थेटबोल, एरवी आवडेल, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी नाही. निकाल लागायचा आहे, तो स्वतःच डोक्यात प्रत्येक क्यू पुन्हा चालवत असणार. चूक नटीची आणि चेष्टा याची, हे लागतं. आठ दिवसांनी खुशाल कर.

निकालाची वाट बघण्याचंही मला पटत नाही. त्या रात्री त्याच्या फोनवर शंभर मेसेज असतील, तुझा एकशे एकावा. आणि नाव नाही आलं तर? मग तू जे लिहिशील ते सांत्वन होईल. २०२२ साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता. त्या वर्षीही कुणीतरी असाच फेड केला असेल. निकालाआधी केलेलं कौतुक कामाचं असतं, नंतरचं निकालाचं होतं.

थेटबोल | रविवार, दुपारी १:३१

कामाच्या कौतुकाचं मान्य. पण निकालाच्या रात्री समोर उभं राहून बोलण्यात जी मजा आहे ती मेसेजात नाही, हे मी सोडणार नाही.

रिकामी_खुर्ची | रविवार, दुपारी ३:१०

मी नटी आहे, म्हणजे कॉलेजात होते. मेसेज घेणाऱ्यांच्या बाजूने सांगते. प्रयोग झाल्यावर मला सगळ्यात जास्त आलेला मेसेज म्हणजे "साडीत काय दिसत होतीस". दोन महिने भाषा शिकले होते त्या भूमिकेसाठी, कोकणातली म्हातारी होते मी! दिसण्यावर काही लिहू नकोस. मुलगा असला तरी नको.

आणि दुसरं, ते 'दादा'.

आवाजी | रविवार, दुपारी ३:१८

😭 हो ना. ग्रुपमध्ये सगळे ज्युनियर सगळ्या सिनियरना दादा-ताई म्हणतात. मी दोन वर्षं त्याला दादा म्हणतेय. आता अचानक नुसतं नाव घेतलं तर?

रिकामी_खुर्ची | रविवार, दुपारी ३:३०

नाव घेऊच नकोस. मराठीत ही सोय आहे, क्रियापदातच 'तू' येतं. "केलंस", "सावरलंस". संबोधनाशिवाय अख्खा मेसेज लिहिता येतो. "आता दादा म्हणणार नाही हं" असं जाहीर मात्र करू नकोस, मग तो मेसेजचा विषयच होऊन बसतो. दादा गुपचूप गाळायचा. त्याच्या लक्षात आलं तर येऊ दे, मी तर म्हणते यावंच.

मैदानावर | रविवार, दुपारी ३:४४

नाही पटत. आमच्याकडे दादा म्हणणं म्हणजे मान असतो, बहीणभाऊ लागत नाही. आईसुद्धा बाबांच्या मित्रांना दादा म्हणते. अचानक तुटकपणे गाळलं तर तो म्हणेल ही रागावली की काय.

रिकामी_खुर्ची | रविवार, दुपारी ३:५०

बाबांच्या मित्रांचं उदाहरण इथे कसं चालेल? तिला त्याच्याशी फ्लर्ट करायचं आहे! 😄

आवाजी | रविवार, संध्याकाळी ६:०२

दादा गाळते. पुन्हा लिहिलं:

"काल शेवटी आईचा चेहरा गेला आणि फक्त हात उरले, तेव्हा मी श्वास घ्यायलाच विसरले. हातांवरचा उजेड तांबूस होत गेला ते इतकं सुंदर होतं की मी शब्दांत सांगू शकत नाही. तू तिच्या श्वासाकडे बघून करत होतास ना? हॅलोजनचा फेड इतका हळू करणं फार अवघड असतं. आणि भाकरीच्या प्रवेशात तू तिला सावरलंस ते तर अप्रतिम. तू खूप टॅलेंटेड आहेस. माझ्यासाठी कालचा हीरो तूच. कधी भेटून बोलूया का यावर? तुला वेळ असेल तर. नसेल तरी चालेल."

विंगेतली | रविवार, संध्याकाळी ६:४०

यात दोन चांगले मेसेज आहेत आणि त्यांच्या अंगावर बरंच काही चढलंय. एकेक उतरवू.

हॅलोजनचं वाक्य माझं आहे, काढ. तो विचारेल, तुला हॅलोजन कधीपासून कळायला लागला? जे तुझ्या डोळ्यांना दिसलं तेवढंच ठेव. 'हात उरले' हे तुझं आहे. 'श्वास विसरले' आणि 'शब्दांत सांगू शकत नाही' सगळेच लिहितात. तू तर शब्दांत सांगितलंयस, मग ते कशाला? 'टॅलेंटेड' आणि 'हीरो' वरून दिलेली प्रमाणपत्रं वाटतात. सावरलंस हे तू ठरवून टाकलंयस, त्याचा प्रश्न कर. खरा प्रश्न विचारलास की त्याला लांब उत्तर देता येतं, कौतुकाला माणूस फक्त थँक्स म्हणू शकतो. काल तेच झालं.

शेवटच्या दोन वाक्यांत तू विचारतेस आणि लगेच मागे घेतेस. भेटायचं आत्ता विचारूच नकोस. त्याच्याऐवजी एकच वाक्य असं ठेव जे दुसऱ्या कुणीही त्याला लिहिलं नसतं. ते मी सांगणार नाही, ते तुलाच लिहावं लागेल.

सदाशिवपेठी_काका | रविवार, रात्री ८:२०

चि. आवाजी, सकाळी माझा समज चुकला, चष्मा न लावता वाचले. आता सर्व वाचले. एक सुचवतो. नाटकाची प्रवेशिका असेल तर तिच्या पाठीमागे शाईने दोन ओळी लिहून द्याव्यात. आमच्या सौ. ने १९७४ साली मला बसच्या तिकिटामागे अभिनंदन लिहून दिले होते, वादविवाद स्पर्धेनंतर. ते तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे. मजकूर सांगत नाही.

रिकामी_खुर्ची | रविवार, रात्री ८:२६

काका!! ❤️

मैदानावर | रविवार, रात्री ८:३५

काका, मजकूर सांगायलाच हवा.

आवाजी | रविवार, रात्री ९:१०

प्रवेशिका माझ्याकडे आहे पण घामाने पार लगदा झालीय. मेसेजच करते. हा बघा:

"काल शेवटी चेहरा कधी गेला ते कळलंच नाही, एकदम लक्षात आलं की फक्त हात उरलेत. ते हात अजून डोळ्यांसमोर आहेत. एक विचारू? भाकरीच्या प्रवेशात ती डावीकडे थांबली आणि उजेड मागून तिच्यापर्यंत गेला. ते ठरलेलं होतं की तू सावरलंस? सगळे तिच्याकडे बघत होते. मी उजेडाकडे बघत होते, कारण तो कुणाच्या हातात आहे ते मला माहीत होतं."

विंगेतली | रविवार, रात्री ९:१८

पाठव. एक शब्दही बदलू नकोस, इमोजीही नको.

आणि ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नकोस, त्याला एकट्याला पाठव. सगळ्यांसमोर आलं की त्याला सगळ्यांसमोरचं उत्तर द्यावं लागतं.

थेटबोल | रविवार, रात्री ९:२५

शेवटचं वाक्य जबरदस्त. पण त्याने नुसता अंगठा पाठवला तर? मग सरळ सांगून टाक की आवडतोस.

रिकामी_खुर्ची | रविवार, रात्री ९:४०

अंगठा आला तर काहीच करायचं नाही. थकलेला असू शकतो, तीन रात्री झोपला नसेल. दोन दिवसांनी भेटला की नेहमीसारखं बोलायचं. तेव्हाही त्याने प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, उलट काहीच विचारलं नाही, तर त्याला इकडे यायचं नाहीये असं समजायचं आणि पुन्हा ठोठावायचं नाही. मला एकाने अंगठ्यानंतर सलग सहा मेसेज केले होते. पहिला खरंच छान होता, पण आता आठवतात ते पुढचे पाच.

आवाजी | रविवार, रात्री ९:४४

पाठवला. फोन उशीखाली ठेवलाय.

आवाजी | सोमवार, सकाळी ७:५०

रात्री दीड वाजता उत्तर आलं. सगळं नाही टाकत, ते माझं आहे. थोडं सांगते.

योजना त्याची नव्हती, एका माजी विद्यार्थ्याची होती, हा ऑपरेट करत होता. म्हणजे "तुझी प्रकाशयोजना" लिहिलं असतं तर फजिती झाली असती. भाकरीचा प्रवेश ठरलेला नव्हता! तिची चटई सेट लावताना सरकली होती, म्हणून ती डावीकडे थांबली. त्याने अंदाजाने दांडी वर केली, ती आधी चुकीची होती, ती लगेच खाली घेऊन शेजारची केली. दोन सेकंद त्यात गेले. लिहिलंय, "हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं धरून चाललो होतो." शेवटच्या हातांबद्दल त्याचं म्हणणं, कालचा फेड त्याला मनासारखा वाटला नाही, लवकर सुरू झाला.

माझ्या शेवटच्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. त्याचं काय समजायचं?

थेटबोल | सोमवार, सकाळी ८:१०

म्हणजे टाळलं त्याने. सॉरी.

विंगेतली | सोमवार, सकाळी ८:३०

रात्री दीडला एवढं लांब उत्तर देणाऱ्याने टाळलं असं मला वाटत नाही. पण खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. फेड लवकर सुरू झाला म्हणतोय त्यावर "नाही रे, छानच होता" म्हणून त्याचं म्हणणं पुसू नकोस. विचार, मग कधी सुरू व्हायला हवा होता?

आवाजी | सोमवार, रात्री १०:१५

विचारलं. म्हणाला, लिहून नाही सांगता येणार. निकाल काहीही लागो, गुरुवारी सात वाजता तालीम हॉलवर पुन्हा एकदा करून बघणार आहेत, "ये, पण समोर नको बसू, डिमरपाशी बस, तिथून दिसतं."

रिकामी_खुर्ची | सोमवार, रात्री १०:१९

आणि दादा?

आवाजी | सोमवार, रात्री १०:२१

दोन दिवसांत एकदाही नाही म्हटलं. त्यानेही विचारलं नाही.